लेक गावची, वांगी परगावची

"हात वर करा! परगावच्यांनी भाव पाडले म्हणणारे समदे हात वर करा! आन् एकेकच हात, मागं काय चाललंय, दोन-दोन हात कोण करतंय रं?"

हे ओरडत होते आप्पा. आप्पा म्हणजे आमच्या गावचे मेथी-कोथिंबिरीचे राजे. आवाज असा, की त्यांनी वावरात बैलाला हाक मारली तर शेजारच्या इनामगावला जुन्या वस्तीच्या पांढरीखाली हजारो वर्षं निजलेली माणसं कूस बदलतात. आता ते जिल्हा परिषद शाळेच्या हॉलमध्ये ग्रामसभेपुढं उभे होते. माईक हातात होता, पण माईकची गरज आप्पांना नव्हती, माईकलाच आप्पांची होती.

हात वर झाले. भरपूर झाले. सरपंचताईंनी मान डोलावली, आणि ग्रामसेवक, ज्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो, त्यांनी प्रोसिडिंगच्या वहीत लिहिलं: परगावच्या विक्रेत्यांमुळे आठवडे बाजारात भाजीचे भाव पडले, मंजूर.

लगेच बायकांच्या बाजूनं एक खणखणीत आवाज आला. "पडले? कुठं पडले? आमाला तर वांगी म्हागच मिळत्यात. परगावच्यांनी भाव चढवलं म्हणा! घ्या हात!"

पुन्हा हात वर झाले. तेही भरपूर. मी खिडकीजवळून बघत होतो. काही हात दोन्ही वेळा वर गेले होते. आमच्या गावाला सवयच आहे, कुणी जोरात "हात वर" म्हटलं की खांदा आपोआप उचलतो. लसीकरणाच्या रांगेत कुणी असं ओरडलं असतं तर गावानं सुईसुद्धा बहुमतानं मंजूर केली असती.

भाऊसाहेब पेन तोंडात धरून माझ्याकडं बघायला लागले. "सर, भाव पडलेपण मंजूर झालं आन् चढलेपण मंजूर झालं. आता प्रोसिडिंगला लिहू काय?"

मी शिरूरला ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. अकरावीच्या पहिल्याच महिन्यात एक धडा येतो. अर्थव्यवस्थेबद्दलची काही विधानं वास्तववादी असतात, म्हणजे काय आहे, काय झालं, काय केलं तर काय होईल, हे सांगणारी. ती पुराव्यानं तपासता येतात. दुसरी आदर्शवादी, म्हणजे काय असायला हवं ते सांगणारी. ती पुराव्यानं खरी-खोटी ठरत नाहीत, ती माणसांना आपसात ठरवावी लागतात. हा धडा मी इतक्या वेळा शिकवलाय, की वर्गाच्या भिंतींना तो पाठ आहे. एकदा मला ताप होता, तर म्हणतात भिंतींनीच तास घेतला आणि पोरांना माझ्यापेक्षा जास्त समजलं. पण भिंतींनाही हे ठाऊक नव्हतं, की गाव तपासायच्या गोष्टीवर मतदान घेईल.

झालं होतं असं. भीमेच्या पलीकडं दौंड तालुका, अलीकडं आमचा शिरूर. मधे पूल. आमच्या आठवडे बाजाराला पलीकडून भाजीवाले येतात. ह्या साली आप्पांनी आणि गावातल्या भाजी पिकवणाऱ्यांनी अर्ज दिला, की परगावच्या विक्रेत्यांना बाजारात बसायला बंदी करावी. सरपंचताईंनी विषय सभेपुढं ठेवला आणि आदल्या दिवशी मला घरी येऊन सांगितलं, "सर, गोंधळ व्हायला नको. तुमी शिकलेले हाय, जरा मांडणी करून द्या." मीही फुशारून गेलो. गोंधळ घालायला शिकलेला माणूस लागतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

आणि ह्या सगळ्यात माझी थोरली बहीण होती.

अक्काला पुलापलीकडच्या राहू गावाला दिलेली. तिथं नदीकाठची काळीभोर जमीन, आणि अक्काची वांगी अशी, की एका वांग्यावर देठासकट एक बैठक बसेल. बरं, बैठक नाही तर पोरगं तरी बसेल. दर बाजाराला ती पूल ओलांडून येते आणि बाजारतळाच्या लिंबाखाली बसते. लग्न झाल्यापासून ती तिथंच बसते. लिंब आधी आला का अक्का आधी आली, ह्यावर गावात दोन मतं आहेत. बंदी झाली तर ती जागा जाणार होती. आणि अक्काची भाजी इथंच खपते, कारण तिकडच्या बाजारात जो तो वांगीच घेऊन बसलेला असतो.

तर सभेत ती शेवटच्या बाकाला टेकून उभी होती, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. हात वर करायचा हक्क तिला नव्हता. मतदारयादी राहूची.

"भाऊसाहेब," मी म्हणालो, "दोन्ही खोडा. भाव पडले का चढले, हे हात वर करून ठरत नसतं. उद्या गावानं बहुमतानं ठरवलं, की भीमा उलटी वाहते, तर पूल उचलून दुसरीकडं ठेवणार का?"

"न्हाई खोडता येत सर, सभेनं मंजूर केलंय," भाऊसाहेब म्हणाले. कायद्याचा माणूस.

मी खडू घेतला आणि फळ्यावर मधोमध एक उभी रेघ मारली. डावीकडं लिहिलं: तपासता येईल. उजवीकडं लिहिलं: ठरवावं लागेल. म्हणालो, "आता प्रत्येकानं आपलं म्हणणं सांगा. मी ते जिथं बसेल तिथं बसवतो. डावीकडचं आपण जाऊन तपासू. मग उजवीकडच्यावर हात वर करा."

इथं माझी पहिली चूक झाली. आमच्या गावात कुणाला कुठं बसवलं, ह्यावर लग्नं मोडलीत.

आप्पा म्हणाले, "लिवा. परगावच्यांमुळं भाव पडले."

"डावीकडं."

"आन् गावचा बाजार गावाचाच ऱ्हायला पायजे."

"उजवीकडं."

"का?" आप्पांचा आवाज पत्र्याला लागून परत आला. "उजवीकडं का? म्या काय खोटं बोलतोय व्हय?"

"खोटं नाही आप्पा. ते मत आहे."

"माजं मत आन् खोटं न्हाई, तर मग खऱ्याच्या रांगंत बसवा की."

सभेनं टाळ्या वाजवल्या. मी सांगायला गेलो, की डावी रांग खऱ्याची नाहीच, तपासता येण्याजोग्याची आहे. डावीकडचं वाक्य धडधडीत खोटंसुद्धा असू शकतं. उदाहरण द्यावं म्हणून म्हणालो, "आता समजा कुणी म्हणालं, आप्पांच्या मेथीची जुडी हत्तीएवढी असते. हे खोटं आहे. पण काटा लावून तपासता येतं, म्हणून ते डावीकडं."

आप्पा सावकाश म्हणाले, "म्हंजी थापाड्याला डावीकडं मान, आन् मनापासून बोलणाऱ्याला उजवीकडं हाकलायचं. बरं हाय शास्त्र तुमचं."

खरं सांगायचं तर डावीकडं पहिला नंबर माझाच लागायचा. कारण मी खोटं कधी बोलत नाही, फक्त खरं जरा फुगवून सांगतो, आणि ते कुणीही सुई लावून तपासू शकतं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं मघाच्या खणखणीत आवाजाच्या खानावळवाल्या मावशी उभ्या राहिल्या. एमआयडीसीत जाणाऱ्या पोरांना त्या डबे देतात. कुणी बिहारचं, कुणी यूपीचं, त्यामुळं मावशी मराठीत चिडतात आणि हिंदीत समजूत घालतात. त्या म्हणाल्या, "लिवा, वांगी म्हाग हायेत."

"कशापेक्षा महाग, मावशी?"

"कशापेक्षा म्हंजी? म्हाग हायेत! परवडत न्हाईत!"

"गेल्या बाजारापेक्षा भाव जास्त आहे असं म्हणालात, तर डावीकडं लिहितो. वाजवीपेक्षा जास्त आहे म्हणालात, तर उजवीकडं. वाजवी काय, ते तुम्ही एक सांगणार, आप्पा दुसरं सांगणार."

मावशींनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की माझ्या वाटणीची भाकरी बंद झाली असं मी समजलो. "सर," त्या म्हणाल्या, "पैसे माज्या कनवटीचे जातात, ते तुमी रेघंच्या कुठल्या अंगाला लिवणार?"

"ते डावीकडं. किती गेले हे मोजता येतं."

"आन् जाताना जीव जळतो ते?"

जीव जळतो की नाही हे मावशींना विचारून कळतं, म्हणजे डावीकडं. जळायला नको होता, हे उजवीकडं. पण हे बोललो असतो तर मावशींनी फळाच माझ्या डोक्यात घातला असता. मी "बघू" म्हणालो आणि खडूचे हात झटकले.

मग अक्काचा विषय निघाला. तोही आप्पांनीच काढला. "आन् ही लिंबाखालची? ही परगावची का गावची?"

हॉलमध्ये एकदम गलका झाला. कुणी म्हणे गावची माहेरवाशीण, तिला परकी कशी म्हणायची. कुणी म्हणे माहेरवाशिणीला सणाला साडी-चोळी करायची, बाजारात जागा द्यायची असं कुठं लिहिलंय. एक म्हातारबाबा म्हणाले, "लेक गावचीच हाय. पण वांगी परगावची हायेत."

हे इतकं बरोबर होतं, की आप्पांनीही मान डोलावली. मी फळ्याकडं गेलो. अक्का राहूला राहते, डावीकडं. वांगी राहूच्या मातीतली, डावीकडं. अक्काला गावची मानावी… आणि इथं माझा खडू हवेत थांबला. डावीकडं लिहायला हात आपसूक गेला होता. मी तो मोठ्या कष्टानं उजवीकडं नेला. रेघ ओलांडताना खडू मोडला. नोंद म्हणून सांगतो, नवीन खडू होता.

भाव खरंच पडले का चढले, ह्यावर शेवटी सभा तहकूब झाली. तहकूब सभा पुढच्या आठवड्यात. तोवर तपासून यायचं. कोण तपासणार? आप्पा म्हणाले, "मी." मावशी म्हणाल्या, "मी बी." सरपंचताई म्हणाल्या, "आन् सर. दोघं जीव घेतील एकमेकांचा."

तपासायचं कसं, हे सुचवलं पुलानं. गेल्या साली पूल दुरुस्तीला काढला होता. त्या काळात पलीकडचं कुणीच आमच्या बाजाराला येऊ शकलं नाही. म्हणजे परगावच्यांशिवाय बाजार कसा असतो, हे गावानं एकदा भोगलेलं होतं. प्रश्न एवढाच, की त्या दिवसांत भाव काय होते.

आप्पा म्हणाले, "चढले हुते! पूल बंद, वांग्याला सोन्याचा भाव. झालं सिद्ध. चला घरी."

"थांबा," मी म्हणालो. "तेव्हा पाऊसही लांबला होता. भाव पावसानं चढले असतील. पुलाचा हात किती आणि पावसाचा किती?"

आप्पांनी आभाळाकडं पाहिलं. "आता पावसाला इचारायचं का?"

पावसाला नाही, दुसऱ्या बाजाराला विचारायचं. आमच्या वरच्या अंगाला, कवठे येमाईकडं जाताना एक बाजार भरतो. पाऊस तिथंही लांबला होता. पण तिथं भीमेचा पूल लागत नाही. तिथले भाव आणि आमचे भाव एकाच काळातले शेजारी-शेजारी ठेवायचे. पावसानं भाव चढले असतील तर दोन्हीकडं सारखे चढतील. आमच्याकडंच चढले असतील, तर पुलाचा संशय घ्यायचा.

आप्पांच्या जीपमध्ये आम्ही तिघं निघालो. ती जीप म्हणजे चाकं लावलेला भूकंप आहे. मावशी मागं बसल्या होत्या आणि प्रत्येक खड्ड्याला हिंदीत समजूत घालत होत्या. वरच्या बाजारात आम्ही भजीवाल्यांना, हॉटेलवाल्यांना, घरी मोठं खटलं असलेल्या बायकांना विचारत फिरलो. एकाला विचारून भागत नाही, कारण बाजारातला माणूस महागाईची आठवण नेहमी थोडी तिखट करून सांगतो. मला हे अनुभवानं ठाऊक आहे. पण चार तोंडं एकच गोष्ट सांगायला लागली की काहीतरी खरं असतं. मग आमच्या बाजारातही तसंच विचारलं.

हळूहळू जे दिसलं ते असं. पूल बंद असताना वरच्या बाजारात वांगी थोडीच चढली होती. आमच्याकडं मात्र भलतीच चढली होती. पूल सुरू झाला आणि आमची वांगी पुन्हा खाली आली. दुधी भोपळ्याचं आणि शेवग्याचंही तेच. म्हणजे पलीकडचे लोक येतात तेव्हा ह्या भाज्या आमच्याकडं स्वस्त मिळतात. एका पुलावरून सगळं पक्कं सिद्ध होत नाही, हे मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "पुलावरनं एवढी माणसं जात्यात, तुमचं सिद्ध बी जाईल."

पण मेथीची गोष्ट निराळी निघाली. मेथीचा भाव पुलानं हललाच नव्हता. पलीकडून मेथी जवळजवळ येतच नाही. तेवढ्या वाटेत तिची मान पडते. आमच्या गावात मेथीचा भाव पडला होता तो गावच्याच मेथीनं. ह्या साली निम्म्या गावानं मेथी लावली होती.

"कुणाच्या सांगण्यावरनं लावली?" मावशींनी जीपमध्येच विचारलं.

आप्पांनी गिअर बदलला. गिअर बदलायची तिथं काही गरज नव्हती.

तहकूब सभेला हॉल असा भरला होता, की खिडकीबाहेरची माणसं आत होती आणि आतली खिडकीत. मी फळ्याच्या डाव्या बाजूला, आप्पांच्या वाक्याखाली निकाल लिहिला. परगावचे आल्यानं वांगी, भोपळा, शेवगा स्वस्त होतात. मेथी होत नाही. मावशींचं "चढवले" वाक्यही तपासलं होतं. ते खोटं निघालं. मावशी म्हणाल्या, "निघू दे. मला काय, वांगी स्वस्त मिळाल्याशी मतलब." मला वाटलं, झालं, संपलं. खरं काय ते कळलं, आता गाव आपोआप एका रस्त्यानं चालेल.

वांगी पिकवणारे आमचे शेतकरी उभे राहिले. "बघा! परगावचे भाव पाडतात, सरांनीच सिद्ध केलं! हाकला त्यांना!"

मावशी आणि समस्त बायका उभ्या राहिल्या. "बघा! परगावचे भाजी स्वस्त देतात, सरांनीच सिद्ध केलं! ऱ्हाऊ द्या त्यांना!"

एकच वाक्य. एकच खडू. दोन्ही बाजू त्याच वाक्याकडं बोट दाखवून उलट्या दिशेला ओढत होत्या. हे मी वर्गात पन्नासदा सांगितलंय, की काय आहे ह्यावरून काय असावं हे निघत नाही, मधे तुम्हाला काय हवं ते घालावं लागतं. इथं ते माझ्या डोळ्यांपुढं घडत होतं आणि मला काहीच कळत नव्हतं. पिकवणाऱ्याला त्याच्या घामाचा भाव हवा होता. खाणारीला पोटाचा भाव हवा होता. दोघांचं हवंसं खरं होतं, आणि फळ्यावर ते तपासायची सोय नव्हती.

आणि आप्पा? त्यांच्या मेथीचा तर मुद्दाच राहिला नव्हता. मी मोठ्या आशेनं विचारलं, "आप्पा, मेथीचं तर कळलं. आता बंदीचा अर्ज मागं घेणार ना?"

"का मागं घ्यायचा?" आप्पा म्हणाले. "मेथीचं चुकलं असंल. डावीकडलं खोडा. उजवीकडलं तसंच ठिवा. गावचा बाजार गावाचा ऱ्हायला पायजे. माजी मेथी चढू नायतर पडू."

आता ह्याला काय म्हणावं? मी म्हणू शकलो नाही, की आप्पा, तुम्ही चूक. त्यांनी आता पुराव्याचा टेकू सोडला होता आणि नुसतं मत घेऊन सरळ उभे होते. अख्ख्या सभेत सगळ्यात नीट उभे असलेले तेच होते. मला फार राग आला.

मग सगळ्यांना माझी आठवण झाली. सरपंचताई म्हणाल्या, "आता वाद नको. सर शास्त्र जाणतात. सरांनीच सांगावं, ठेवायचं का काढायचं. आपण काय अडाणी." आणि सगळी सभा म्हणाली, "व्हय व्हय, सरच सांगत्याल!"

पाहा गंमत. जे तपासायचं होतं त्यावर गावानं मतदान केलं होतं. आणि जे मतानं ठरवायचं होतं ते मला तपासून सांगायला लावलं होतं. बैल गाडीच्या मागं आणि गाडी बैलाच्या अंगावर. पण मी काय केलं? शेवटच्या बाकाकडं पाहिलं. अक्का तिथं होती. पदर घट्ट. मी घसा खाकरला आणि अकरावीच्या पोरांपुढं काढतो तो आवाज काढला.

"अर्थशास्त्र असं सांगतं," मी म्हणालो, "की बाजार मोकळा ठेवला पाहिजे. परगावच्यांना बसू दिलं पाहिजे."

बायका खुश झाल्या. आप्पा उठले. सावकाश फळ्यापाशी आले. माझ्या हातातला खडू त्यांनी काढून घेतला, जसा पोराच्या हातातला विळा काढून घेतात तसा.

"सर, ह्ये वाक्य कुठल्या अंगाला लिवू?"

मी फळ्यावरची रेघ बघितली.

"मला सांगा की. तपासता यील का ठरवावं लागंल?"

"उजवीकडं," मी म्हणालो. आवाज माझा होता, पण कुठून आला ठाऊक नाही.

आप्पांनी उजवीकडं ठसठशीत अक्षरात लिहिलं: बाजार मोकळा पायजे. आणि खाली लिहिलं: अक्काचा भाऊ.

सभा अशी हसली, की शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडून थेट दौंड जंक्शनला जाऊन बसली. मीही हसलो. दुसरं करणार काय? आप्पांनी खडू परत दिला आणि म्हणाले, "तुमचं मत बी माज्याएवढंच. एक हात. ना कमी ना जास्त." शाबास, असं त्यांना म्हणावंसं वाटत होतं आणि खिडकीबाहेर टाकावंसंही वाटत होतं. दोन्ही उजवीकडचं.

शेवटी सरपंचताईंनी सांगितलं, आता फक्त उजवीकडच्यावर हात. परगावच्यांना बसू द्यावं की नको. पिकवणारे एका बाजूला, खाणारे एका बाजूला. काही घरांत नवरा इकडं आणि बायको तिकडं. संध्याकाळी तिथं कुणी कुणाला वाढलं असेल, देव जाणे. मी एक हात वर केला. एकच. मागं पाहिलं, तर अक्काचा हात आपोआप कोपरापर्यंत उचलला होता. तिच्या ध्यानात आलं तसा तिनं तो दुसऱ्या हातानं धरून खाली दाबला.

मोजणी दोनदा झाली. बसू द्यावं, हे थोड्या हातांनी पुढं गेलं. पण पुढच्या ग्रामसभेपर्यंतच, मग पुन्हा विषय घ्यायचा. आप्पांनी ते लगेच लिहून घ्यायला लावलं. भाऊसाहेबांनी मला विचारलं, "आन् ते आधीचं? भाव पडले मंजूर, भाव चढले मंजूर?"

"ते राहू द्या," मी म्हणालो. "पुढच्या पिढीला वाचायला."

म्हणजे कागदोपत्री आमच्या गावात वांगी अजून एकाच वेळी चढतात आणि पडतात.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी लवकरच बाजारतळावर गेलो. अक्का लिंबाखाली बसली होती. पुढं वांग्यांचा ढीग, वांगी काळीभोर, चकचकीत, एकेक मोटारीच्या दिव्याएवढं. मी तिच्याशेजारी उकिडवा बसलो आणि तिला सगळं समजावून सांगायला लागलो. डावीकडचं काय, उजवीकडचं काय, मेथीची कशी मान पडते, आप्पांनी खडू कसा घेतला, एका वाक्यातून दोन उलट्या मागण्या कशा निघतात. अक्का वांग्यांवर पाणी शिंपडत होती. ऐकत होती का, हे तपासता आलं नाही.

इतक्यात आप्पा आले. हातात पिशवी. ढिगापुढं उभे राहिले, एक वांगं उचललं, देठ बघितला, काटा बघितला.

"कशी दिली गं पोरी?"

अक्कानं भाव सांगितला. आप्पांनी मान हलवली आणि पिशवी उघडून धरली.

मला राहवलं नाही. "आप्पा! तुम्ही तर हिला हाकला म्हणता."

"म्हणतोयच की," आप्पा म्हणाले. "पुढल्या सभंत बी म्हणणार हाय. परगावच्यांनी हितं बसू न्हाई, ह्ये माजं मत. आन् ह्या बाजारात हिच्याइतकी स्वस्त वांगी न्हाईत, ह्ये तुमीच तपासलंय. घरी भरली वांगी सांगितलीत. भर गं पोरी, चांगली कवळी भर."

अक्कानं तराजू उचलला. वांगी घातली, वर एक जास्तीचं टाकलं. आप्पांनी पैसे दिले, पिशवी खांद्याला लावली आणि त्याच आवाजात कुणाच्या तरी कोंबडीवर ओरडत निघून गेले.

मी तिथंच बसलो. डोक्यात रेघ होती आणि रेघेच्या दोन्ही अंगाला आप्पाच उभे होते. मी अक्काला म्हणालो, "अक्का, तूच सांग मला. हा माणूस तुला पुढच्या सभेला इथनं उठवणार का बसू देणार?"

अक्कानं नोटा कनवटीला लावल्या.

"वांगी घेतली त्यांनी," ती म्हणाली.